करंट सीटीसी न सांगता चाकणची नोकरी

कोल्हापूरच्या फाउंड्रीत मी क्वालिटी विभागात होते. कास्टिंगची तपासणी, गिऱ्हाइकाची तक्रार आली की 8डी रिपोर्ट, नवीन पार्ट सुरू होताना पीपॅपची सगळी कागदपत्रं, असं काम. सात वर्षं झाली होती. पगार होता वर्षाला 5 लाख 40 हजार सीटीसी. तिथल्या मानाने तो बरा होता आणि मालक माणूस म्हणूनही चांगले होते. पण सप्लायर क्वालिटीचं हेच काम चाकणच्या मोठ्या कंपन्यांत काय भावाने होतं, हे आमच्याकडून तिकडे गेलेल्या लोकांकडून कानावर येत होतं. तेव्हा ठरवलं की पुण्याला जायचं.

पहिल्याच फोनला अडचण कळली. कन्सल्टन्सीचा माणूस नाव, अनुभव, शिक्षण विचारून लगेच म्हणाला, "मॅडम, करंट सीटीसी?" तो आकडा मी सांगितला तर पुढे काय होतं ते मला आधीच एका सरांनी सांगून ठेवलं होतं. ते आमच्याच फाउंड्रीतून चाकणला गेले होते. त्यांनी स्वतःचा आकडा सांगितला, त्यावर तीस टक्के वाढवून ऑफर आली आणि शेजारच्या टेबलावरचा तेच काम करणारा माणूस त्यांच्यापेक्षा बरंच जास्त घेतो हे त्यांना वर्षभराने समजलं. माझ्या बाबतीत तोच हिशोब केला तर 5.40 वर तीस टक्के म्हणजे 7 लाख 2 हजार. मला ज्या कामासाठी बोलावणार होते त्याची किंमत 7 लाख नव्हती. कोल्हापूरचं घरभाडं, तिथल्या लहान युनिटची ऐपत, मी डिप्लोमावर ट्रेनी म्हणून लागले तेव्हाचा पगार, हे सगळं त्या 5.40 मध्ये मुरलेलं होतं. चाकणच्या कामाशी त्याचा काहीच संबंध नव्हता. म्हणून मी ठरवलं, हा आकडा सांगायचा नाही. त्याऐवजी माझी अपेक्षा स्पष्ट सांगायची.

नुसतं "सांगणार नाही" म्हणून भागत नाही, हे मला पहिल्यापासून पटलेलं होतं. समोरच्याला त्याच्या शीटमध्ये काहीतरी आकडा भरायचा असतो. तो तुम्ही दिला नाहीत तर फोन तिथेच संपतो. त्यामुळे फोन उचलायच्या आधी अपेक्षेचा आकडा पक्का हवा आणि तो हवेतला नको.

तो मी दोन बाजूंनी काढला. एक बाजू बाजाराची. ओळखीतल्या, सप्लायर क्वालिटीत काम करणाऱ्या लोकांना मी त्यांचा पगार विचारला नाही. तसं विचारलं की माणूस अवघडतो. मी विचारलं, "तुमच्याकडे सात वर्षांचा, कास्टिंग येणारा माणूस बाहेरून घ्यायचा झाला तर किती देतील?" याचं उत्तर सगळे मोकळेपणी देतात. उत्तरं 8 लाखांपासून 12 पर्यंत आली. खालचे आकडे दुसऱ्या फळीतल्या पुरवठादार कंपन्यांचे होते, वरचे थेट गाड्या बनवणाऱ्यांचे. मी मधल्यांकडे, म्हणजे मोठ्या पुरवठादारांकडेच अर्ज करत होते.

दुसरी बाजू घरची. मोशीला वन बीएचके, घरी आई-वडिलांना पाठवायचे पैसे, धाकट्या भावाची फी, प्रवास, किराणा असं सगळं मांडून पाहिलं. हातात महिन्याला 65 हजारांच्या खाली येऊन चालणार नव्हतं. आता हातातल्या रकमेवरून सीटीसीकडे उलटं जायचं होतं आणि बरेच जण इथे ढोबळ अंदाज करतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा फिक्स्ड पगार वर्षाला 9 लाख 50 हजार. यात बेसिक निम्मं धरलं तर 4 लाख 75 हजार. कंपनी तिच्या वाटचा पीएफ म्हणून बेसिकच्या 12 टक्के भरते, ते झाले 57 हजार. हे पैसे तुमचेच, पण हातात येत नाहीत आणि बहुतेक कंपन्या ते सीटीसीत मोजतात. ग्रॅच्युइटीही मोजतात, बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे जवळपास 23 हजार. ती तर नोकरी सोडताना, नियमात बसलं तरच मिळते. आरोग्य विम्याचा हप्ता मी 12 हजार धरला. हे सगळं वजा केल्यावर उरतात साधारण 8 लाख 58 हजार, म्हणजे महिन्याला 71 हजार 500. त्यातून आपल्या वाटचा पीएफ 4,750 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 कापला की हातात साडेसहासष्ट हजार. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला सवलत असल्यामुळे या पगारावर प्राप्तिकर शून्य. म्हणजे माझी गरज 9.5 लाख फिक्स्डमध्ये भागत होती आणि हा आकडा बाजारातही बसत होता.

मग मी बोलायचं वाक्य ठरवलं, "फिक्स्ड साडेनऊ ते साडेदहा लाख." यात दोन गोष्टी मुद्दाम होत्या. रेंज सांगितली की समोरचा खालचाच आकडा उचलतो, म्हणून खालचा आकडा असा ठेवला की तोच मिळाला तरी मी आनंदाने जाईन. आणि 'फिक्स्ड' हा शब्द दर वेळी बोलायचाच. तो का, ते पुढे येईलच.

कन्सल्टन्सीच्या त्या पहिल्या माणसाला मी म्हणाले, "सर, करंट पगार मी कुणालाच सांगत नाही. माझी अपेक्षा फिक्स्ड साडेनऊ ते साडेदहा आहे. कंपनीचं बजेट त्यात बसत असेल तर नोटीस पिरियड, कामाचा तपशील, सगळं आत्ता सांगते." तो म्हणाला, "तसं चालत नाही मॅडम, क्लायंटच्या फॉरमॅटमध्ये तो कॉलम आहे." मी परत तेच सांगितल्यावर "बघतो" म्हणून त्याने फोन ठेवला आणि पुन्हा केला नाही. असे फोन नंतरही आले. ज्यांच्याकडे पन्नास प्रोफाइल पडलेल्या असतात ते एका रकान्यासाठी थांबत नाहीत, हे धरूनच चालावं लागतं. ज्याच्याकडे नोकरी नाही किंवा ज्याला महिन्याभरात काहीतरी हवंच आहे, त्याला ही किंमत परवडेलच असं नाही. माझी नोकरी चालू होती, म्हणून मला थांबता आलं.

त्या फॉरमॅटबद्दल मी नंतर नीट माहिती काढली. कन्सल्टन्सीवाले त्याला ट्रॅकर म्हणतात. साधी एक्सेल शीट असते. नाव, एकूण अनुभव, त्या कामाचा अनुभव, आत्ताची कंपनी, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड, सध्याचं गाव. एकेका उमेदवाराची एक ओळ. ती शीट कंपनीच्या एचआरकडे जाते आणि तिथे आधी दोनच रकाने बघितले जातात, अपेक्षा आणि नोटीस. कन्सल्टन्सीला उमेदवार लागल्यावर कंपनीकडून त्याच्या वार्षिक सीटीसीवर टक्केवारी मिळते, बऱ्याचदा 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. त्यामुळे तुमचा पगार कमी व्हावा असं त्या माणसाला वाटायचं कारणच नाही. त्याला फक्त त्याची ओळ पूर्ण हवी असते आणि शेवटच्या क्षणी उमेदवार फिरायला नको असतो. हे कळल्यावर माझं बोलणं बदललं. पुढच्या माणसाने कॉलमचं कारण सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "तिथे 'नॉट डिस्क्लोज्ड' लिहा, पुढच्या रकान्यात 9.5 फिक्स्ड लिहा. नोटीस साठ दिवस, सुट्ट्या ॲडजस्ट करून पंचेचाळीसमध्ये निघू शकते. सध्याचं गाव कोल्हापूर, पुण्याला यायची तयारी आहे, इंटरव्ह्यूला प्रत्यक्ष येईन." बाकीचे सगळे रकाने मी स्वतःहून भरून दिले. तो दोन क्षण थांबला आणि म्हणाला, "ठीक आहे, पाठवतो तसंच." गेलं.

कंपनीच्या वेबसाइटवर थेट अर्ज केला तर मात्र समोर माणूसच नसतो. पगाराचा रकाना लाल होतो आणि आकडा टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. तिथे मी शून्य टाकलं आणि खालच्या टिपणीच्या चौकटीत लिहिलं, "करंट पगार उघड करत नाही, म्हणून रकान्यात शून्य आहे. अपेक्षा फिक्स्ड 9.5 ते 10.5 लाख." शून्य पगार कुणाचाच नसतो, त्यामुळे त्यातून कुणाची फसवणूक होत नाही. फुगवलेला आकडा मात्र मी कधीच टाकला नसता. एका मैत्रिणीने तसं सुचवलं होतं, "सात सांग, कोण बघतंय." पण बघतात. ऑफरच्या वेळी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, कुठे फॉर्म 16, कुठे बँक स्टेटमेंटही. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले आधीच्या कंपनीला विचारतात. सात सांगून कागदावर 5.40 निघालं की ऑफर परत घेतली जाते आणि तसं करण्यात त्यांचं काही चुकत नाही. सांगायला नकार देणं आणि खोटं सांगणं यांत मला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. नकार मी कुणाच्याही तोंडावर देऊ शकते.

इथे हेही स्पष्ट सांगते, की आपल्याकडे पगार विचारायला बंदी करणारा कायदा नाही. कॅलिफोर्नियात 2018 पासून नोकरी देणाऱ्याला आधीचा पगार विचारता येत नाही. युरोपीय संघाने 2023 साली पगार पारदर्शकतेचा निर्देश काढला, त्यातही ही मनाई आहे. आपल्याकडे एचआर बेधडक विचारू शकतो आणि आपणही बेधडक नाही म्हणू शकतो. "माझा हक्क आहे" असं भांडण मात्र इथे उपयोगाचं नाही. मी एकदाही तसं बोलले नाही. "मी सांगत नाही, अपेक्षा ही आहे" एवढंच, त्याच आवाजात, दर वेळी.

शेवटी जिथे लागले त्या कंपनीत टेक्निकल राउंड चांगला झाला. त्यांनी एका कास्टिंगचा फोटो दाखवला. मशीनिंगनंतर पृष्ठभागावर बारीक छिद्रं उघडी पडली होती, त्याचं कारण कसं शोधाल असं विचारलं. मोल्डमधला ओलावा, व्हेंटिंग, ओतायचं तापमान, छिद्रं नेमकी कुठल्या बाजूला आहेत, पुरवठादाराकडे गेल्यावर आधी काय बघाल, अर्धा तास यावरच बोलणं झालं. हे मुद्दाम सांगते, कारण पगाराच्या बोलण्यात नंतर तोच अर्धा तास माझ्या कामी आला.

एचआर मॅडमनी विचारलं, "करंट सीटीसी इथे नॉट डिस्क्लोज्ड का दिसतंय?"

मी म्हणाले, "मॅडम, माझा आत्ताचा पगार कोल्हापूरच्या लहान युनिटचा आहे. हे काम वेगळं आहे, जबाबदारी वेगळी आहे. या पदाचं तुमचं जे बजेट असेल त्यावर बोलूया. माझी अपेक्षा फिक्स्ड साडेनऊ ते साडेदहा."

"आमची पॉलिसी तीस टक्के हाइकची आहे. करंट माहीत नसेल तर मी काढू कशी?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी विचारलं, "या पदासाठी काही बँड मंजूर असेल ना? माझी अपेक्षा त्याच्या बाहेर जाते आहे का? जात असेल तर तसं सांगा, तुमचा वेळ घेणार नाही."

त्या समोरच्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "बाहेर नाही जात." बस, मला हवं होतं ते हेच. मोठ्या कंपनीत जागा निघते तेव्हाच तिचा ग्रेड आणि त्याची वरची-खालची मर्यादा ठरलेली असते. तीस टक्क्यांचा नियम त्या मर्यादेच्या आत पैसे वाचवायला वापरतात. तुमची अपेक्षा बँडमध्ये बसते हे एकदा त्यांच्याच तोंडून आलं की बोलणं तुमच्या जुन्या पगाराकडून त्या पदाकडे वळतं. बँडच्या बाहेर असती तर मात्र जुना पगार लपवून काहीही साधलं नसतं. मला अपेक्षा तरी कमी करावी लागली असती किंवा उठावं तरी लागलं असतं.

चार दिवसांनी फोन आला, "9 लाख 60 हजारला अप्रूव्हल आलंय." ऐकायला छान. मी विचारलं, "यात फिक्स्ड किती?" तर दहा टक्के व्हेरिएबल आतच होतं. म्हणजे फिक्स्ड 8 लाख 64 हजार. मी म्हणाले, "मॅडम, मी पहिल्यापासून फिक्स्डचा आकडा सांगितलाय, तुमच्या शीटमध्येही तसाच आहे." ट्रॅकरमधल्या त्या ओळीत 'फिक्स्ड' लिहिलेलं होतं म्हणून हे ठामपणे बोलता आलं. त्यांनी विभागप्रमुखांशी बोलायला वेळ मागितला. टेक्निकल राउंड घेणारे हेच विभागप्रमुख. त्यांना माणूस हवा होता. दोन दिवसांत आकडा बदलून आला, एकूण 10 लाख 80 हजार, त्यात 9 लाख 72 हजार फिक्स्ड आणि 1 लाख 8 हजार व्हेरिएबल. बेसिक एकूण सीटीसीच्या निम्मं असल्यामुळे पीएफही वाढला, तरी हातात महिन्याला 66 हजार 800 च्या आसपास येत होते. व्हेरिएबल मी हिशोबात धरलंच नव्हतं. ते कंपनीच्या नफ्यावर आणि आपल्या रेटिंगवर अवलंबून असतं, त्यावर घरभाडं ठरवता येत नाही.

खरी कसोटी यानंतर आली. ऑफर लेटर निघण्याआधी कागदपत्रांची यादी आली, त्यात शेवटच्या तीन सॅलरी स्लिप. इथे "आता पकडलं गेलं" असं वाटून बरेच जण गळपटतात. मी आकडा कायमचा लपवायला निघालेच नव्हते. किंमत ठरेपर्यंत तो मधे येऊ नये एवढंच मला हवं होतं. मी मेलवर लिहिलं की आधीच्या कंपनीचं नेमणूक पत्र पगाराचं पान सोडून, शिक्षणाची प्रमाणपत्रं आणि ईपीएफओच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी सोबत जोडते, त्यावरून नोकरीच्या तारखा पडताळता येतील. सॅलरी स्लिप सही केलेलं ऑफर लेटर हातात आल्यावर त्याच दिवशी देईन. सर्व्हिस हिस्टरीत कंपनीचं नाव आणि तारखा असतात, पगार नसतो. पीएफचं पासबुक वेगळं. त्यात दर महिन्याची वर्गणी दिसते आणि पूर्ण बेसिकवर पीएफ कापला जात असेल तर 12 टक्क्यांवरून बेसिक कुणालाही काढता येतं. म्हणून पासबुक जोडलं नाही.

एचआर मॅडमचा फोन आला. त्या नाराज नव्हत्या, जरा कोड्यात होत्या. म्हणाल्या, "स्लिप नंतर द्या, पण त्यात काही वेगळं निघणार नाही ना?" मी म्हणाले, "तुम्हाला मी कुठलाच आकडा सांगितलेला नाही, त्यामुळे वेगळं निघायचा प्रश्नच नाही. तारखा, हुद्दा, काम, सगळं मी सांगितलंय तसंच आहे." ऑफर लेटर आलं, मी सही केली आणि संध्याकाळी तीनही स्लिप पाठवून दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "एवढा फरक?" मी "हो" म्हणाले. ऑफरमध्ये बदल झाला नाही. ऑफरच्या आधी स्लिप हव्यातच असा हट्ट त्यांनी धरला असता तर मी त्या दिल्या असत्या, कारण तोवर 10.80 चं अप्रूव्हल मेलवर लेखी आलेलं होतं. तोंडी आकड्यावर मात्र दिल्या नसत्या.

रुजू झाल्यावर अकाउंट्सने आर्थिक वर्षातला आधीच्या कंपनीचा पगार आणि कापलेला टीडीएस विचारला. वर्षाच्या मधे नोकरी बदलली की दोन्हीकडचं उत्पन्न मिळून कर बघायचा असतो. ती माहिती मी त्याच दिवशी भरून दिली.